सूचना: करसल्लागाराशी झालेल्या बोलण्यावरून कागदांची आणि तारखांची यादी करताना

सभासदहो, रेकॉर्डिंग उतरवून झालं की लगेच यादी करू नका. आधी ते शेवटपर्यंत ऐका, कारण सल्लागार बोलता बोलता आपलंच आधीचं वाक्य दुरुस्त करतात.

परवाच्या एका रेकॉर्डिंगमध्ये १२व्या मिनिटाला "पुरावे पंधरा तारखेपर्यंत द्या" असं होतं. ३१व्या मिनिटाला खुलासा आला, "ती तारीख तुमच्या ऑफिसची, विवरणपत्राची मुदत वेगळी." यादीत मात्र एकच तारीख उतरली होती. म्हणून प्रत्येक तारखेपुढे कागद कोणाला द्यायचा, हे लिहाच. ऑफिसची तारीख हुकली तर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. विवरणपत्राची हुकली तर दंड लागू शकतो.

कागदापुढे तो कोण देणार हेही हवं. वर्षात नोकरी बदलली असेल तर करकपातीचं प्रमाणपत्र दोन्ही ठिकाणचं लागतं, आणि जुन्या ऑफिसकडून ते मिळायला वेळ जातो. ते आजच मागवा.

"बहुतेक लागेल" असं सल्लागार म्हणाले असतील तर तसंच लिहा, पुढे रेकॉर्डिंगमधलं मिनिट टाका आणि त्यांना विचारून घ्या. यादी ग्रुपवर टाकण्याआधी पगाराचे आकडे आणि खातेक्रमांक कृपया काढा.