शब्दकोश कपाटात ठेवून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. इतके महिने पत्र नाही, म्हणून तू रागावला असशीलच. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा पायऱ्यांवर कुरकुरतो, एवढेच. लिहिण्याचे कारण असे की टोमास मानची ‘बुडेनब्रोक्स’ ही कादंबरी मी मूळ जर्मनमधून शेवटपर्यंत वाचली, तीही शब्दकोश कपाटात ठेवून. ही बातमी घरात सांगितली तर ‘बरं झालं’ असे म्हणून लोक जेवायला बसतात.

आपले जुने भांडण तुला आठवतच असेल. न कळलेला शब्द सोडून पुढे जाणे ही तुझ्या मते लबाडी. आणि तुझ्या त्या निळ्या वहीत पहिल्याच प्रकरणाचे शब्द इतके साठले की दुसरे प्रकरण तू कधी उघडलेच नाहीस. खरे सांगायचे तर आता काळजी मला लागली आहे: मी हे पुस्तक वाचले, की त्यावरून नुसता फिरून आलो?

पहिले पान घे. १८३५ सालचा ऑक्टोबर, आठ वर्षांची टोनी आजोबांच्या मांडीवर बसून धर्माचे पाठ म्हणते आहे, आणि पहिल्याच संवादात ल्युबेकच्या व्यापाऱ्यांची बोली नि फ्रेंच एकाच वाक्यात येतात. तिथे शब्दकोश उघडून फारसे हाती लागत नाही. आजोबा थट्टा करताहेत एवढे कळले की पान पुढे सरकते. लगेच येतो तो सोफा: सरळ रेषेचा, पांढरे लाकर दिलेला, सोनेरी सिंहमुखाने सजवलेला. जर्मनमध्ये हे सारे वर्णन उपपद आणि नाम यांच्यामध्ये ठासून भरलेले असते. आपल्याला मात्र ‘सिंहमुखाने सजवलेला सोफा’ असेच बोलायची सवय असल्यामुळे नामाची वाट पाहणे जड जात नाही. अशा ठिकाणी एखादे विशेषण निसटले तरी घर श्रीमंताचे आहे हे निसटत नाही. फर्निचर, कपडे, जेवणातले पदार्थ यांच्या बाबतीत ‘एक प्रकारचे कापड’ एवढ्यावर मी समाधान मानले.

शिवाय हा लेखक माणसांची खूण पुन्हापुन्हा सांगतो. टोनीचा पहिला नवरा ग्र्युनलिश आला की त्याचे सोनेरी-पिवळे ‘फावोरी’ आलेच. पहिल्यांदा मी पेन्सिलीने समासात ठिपका दिला आणि पुढे गेलो. पुढे पुढे ते चेहऱ्यावरचे केस आहेत, म्हणजे गालावरचे कल्लेच असणार, हे आपोआप ठरले. ठिपक्यांचा माझा नियम साधा होता: प्रकरण संपेपर्यंत थांबायचे नाही, आणि नंतर फक्त तोच शब्द बघायचा, जो तिसऱ्यांदा आला आहे किंवा ज्यावाचून कोणी का रागावले हे कळत नाही. बहुतेक ठिपके तसेच राहिले. पेरमानेडर हा तिचा दुसरा नवरा, म्युनिकचा जावई, तर असली बव्हेरियन बोलतो की तू त्याच्यासाठी दुसरी वही घेतली असतीस. आणि ज्या शिवीवरून टोनी त्याला सोडून येते ती उच्चारायलाही ती तयार नसते, त्यामुळे तिथे जर्मन वाचकही काही काळ आपल्याच पंगतीला!

सोडायचे नाहीत ते छोटे शब्द, आणि इथे तुझे म्हणणे निम्मे खरे आहे. ‘त्स्वार’ दिसले की पुढे बहुधा ‘आबर’ येणार, म्हणजे आधी दिलेली कबुली पुढे कापली जाणार. ‘गेश्वाइगे डेन’, म्हणजे ‘मग ते तर दूरच’, निसटले तर वाक्याचा रोख जातो. हे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून डोळा त्यांच्यावर थांबत नाही. मी चुकतो आहे हे मला वेगळ्याच गोष्टीने कळे: बोलणारा कोण हे सांगता येईना, किंवा मिटल्या पुस्तकावर हात ठेवून प्रकरणात काय घडले हे तीन वाक्यांत मांडता येईना. तसे झाले की शब्दकोश न काढता शेवटच्या कळलेल्या पानावर परत जायचे.

खरी भीती वाटली ती अकराव्या भागात. एक आख्खे प्रकरण विषमज्वराची लक्षणे वैद्यकाच्या पुस्तकासारखी सांगते: ताप, ग्लानी, नाडी. कोणाचेही नाव नाही. ‘रोगाचे वर्णन आहे, सरकू या’ असे म्हणून भरभर गेलेल्या माणसाला पत्ताच लागणार नाही की घराण्याचा शेवटचा वारस, छोटा हान्नो, तिथेच गेला. भाषेचा सूर एकदम कोरडा झाला म्हणून मी थांबलो, आणि ते प्रकरण पुन्हा सावकाश वाचले. त्यातले काही वैद्यकीय शब्द मला आजही येत नाहीत. मृत्यू मात्र कळला. पण असा सूर बदललेला आणखी कुठे माझ्या लक्षातच आला नसेल तर? हे तूच तपासू शकतोस; तुझी प्रत अजून असेल तर टोनीच्या पहिल्या लग्नाचा भाग वाच आणि ग्र्युनलिशवर तुला संशय कुठे आला ते कळव. मी माझे पान आधी सांगणार नाही.

तुझी बदली झाली का? चिरंजीवांची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार, आणि दिवाळीत आलास तर ती निळी वही घेऊन ये.

तुझा,
विनय