प्लॅनमधली ती एक ओळ

प्रिय सुहास,

तुझ्या व्यायामाच्या प्लॅनचा फोटो पाहिला. पहिल्याच ओळीवर अडलास ते बरं झालं, कारण ती उलगडली की बाकीचं पान तुझं तुला वाचता येईल. गॉब्लेट स्क्वॉटपुढे लिहिलंय:

`3 x 8-10 | 3-1-1-0 | RIR 2 | 2 min`

डंबेल छातीशी उभं धरून एकदा खाली बसलास आणि उठलास की एक रेप. असे सलग आठ ते दहा झाले की एक सेट, आणि असे तीन सेट. अंग गरम करायला आधी हलक्या वजनाने जे करशील, ते या तिनात धरू नकोस.

मधले चार आकडे म्हणजे टेम्पो, सेकंदांत. तीन मोजत खाली, तळाशी एक थांबायचं, एकात वर, आणि वर न रेंगाळता पुढचा रेप. यात एक गोम आहे. व्यायाम कुठूनही सुरू होवो, पहिला आकडा वजन खाली येण्याचाच असतो. लॅट पुलडाउनच्या मशीनवर मी कित्येक आठवडे डोक्यावरचा बार तीन सेकंद लावून खाली ओढायचो आणि परत जाताना सोडून द्यायचो. मशीनच्या वजनाच्या पट्ट्या खाडकन आपटायच्या, तरी लक्षात येत नव्हतं. तिथे बार खाली येतो तेव्हा पट्ट्या वर जातात! म्हणून मशीनवर नजर पट्ट्यांवर ठेव. त्या उतरतात तेव्हा तीन मोजायचे.

RIR 2 म्हणजे सेट थांबवताना अजून दोन रेप नीट जमले असते, इतकी ताकद उरलेली हवी. कुठे RPE 8 दिसलं तर तेही हेच. नवख्याचा अंदाज इथेच चुकतो: मांड्या जळजळल्या की संपलं असं वाटतं, पण बऱ्याचदा चार-पाच रेप शिल्लक असतात. जळजळीवर जाऊ नकोस, उठण्याचा वेग बघ. जोर तेवढाच लावूनही उठणं आपोआप मंदावलं, की शेवट जवळ आला. पाठ वाकली किंवा टाचा उचलल्या तर तो रेप मोजायचा नाही, सेट तिथेच थांबवायचा.

समज, 12 किलोवर पहिल्या सेटला 10, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 8 झाले. हे ठीकच आहे. थकव्यामुळे आकडा उतरतो, म्हणून तर 8-10 अशी मोकळीक दिलीय. वजन तेच ठेव. तिन्ही सेटना 10 होऊन दोन शिल्लक राहायला लागले की 14 घे. तिसऱ्याला सहावरच अडलास, तर आधी विश्रांती तपास. ओळीच्या शेवटची दोन मिनिटं म्हणजे दोन सेटमधली विश्रांती; ती डंबेल खाली ठेवल्यापासून मोजायची, आणि घड्याळावर. अंदाजाने मोजलेली दोन मिनिटं बहुधा एकच भरतात. विश्रांती पुरती घेऊनही सहाच झाले, तर वजन जड आहे, 10 वर ये.

प्रत्येक सेटनंतर वजन, रेप आणि किती शिल्लक वाटले ते वहीत टिप. पहिल्या दोन आठवड्यांची पानं मला पाठव, आपण मिळून बघू.

तुझा,
अजय