बालसंरक्षण कार्यपद्धतीचा मसुदा : महत्त्वाची दुरुस्ती

सर्व शिक्षक सदस्यांसाठी. 'आधी अंतर्गत चौकशी, मग पोलीस' हा मुद्दा मसुद्यातून काढला आहे. पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. खातरजमा करणे शाळेचे काम नाही.

मूल बोलले, तर ऐकणाऱ्याने त्याच दिवशी त्याचेच शब्द, तारीख, वेळ लिहून सही करावी. खोदून विचारू नये. पुन्हा पुन्हा विचारल्याने मूल गोंधळते आणि सांगणे बदलत जाते. "कुणालाच सांगणार नाही" असे वचनही देऊ नये, ते पाळता येत नाही.

नोंद बालसंरक्षण समन्वयकांच्या कुलूपबंद कपाटात राहील. मुलाचे नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये. तक्रार मुख्याध्यापकांविरुद्ध असेल, तर समन्वयकांनी थेट पोलीस ठाण्यात कळवावे.