पोलिओचे थेंब घेऊन दारोदार फिरलेल्या ताईंचे आभार

ताई, तुमचं नाव मला माहीत नाही, पण तुमचं काम आमच्या गल्लीने पाहिलं आहे.

रविवारी बूथवर न पोचलेल्या मुलांसाठी तुम्ही घरोघर आलात. शेजारच्या घराला कुलूप होतं. दारावर खडूने एक्सची खूण करून तुम्ही पुढे गेलात आणि माणसं कामावरून परतल्यावर पुन्हा आलात. घरात काही दिवसांचं बाळ होतं. "दवाखान्यात डोस दिलाय की," म्हणत आजी थेंब नको म्हणत होत्या. जन्मावेळचा डोस वेगळा, मोहिमेतले दोन थेंब पाच वर्षांखालच्या प्रत्येकाला, नवजात बाळालाही द्यायचे, हे तुम्ही न चिडता समजावलंत. कुपीवरचं चिन्हही दाखवलंत: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका, म्हणजे उन्हातान्हातून आणलेली लस अजून चांगली आहे. आजींना तेच पटलं. थेंब पाजून बाळाच्या डाव्या करंगळीवर शाई लावलीत आणि मगच दारावर पी लिहिलंत.

समोरच्या बांधकामावरच्या झोपड्यांतही तुम्ही गेलात. ती मुलं आज इथे, उद्या दुसरीकडे. यादीतून तीच आधी सुटतात. त्यांच्या आयांच्या वतीनेही तुमचे मनापासून आभार.