गाय विकायची घाई करू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

व्याल्यावर बाहेर आलेलं तुझ्या गायीचं गर्भाशय डॉक्टरांनी आत बसवलं, ती उठून चारा खायला लागली, हे वाचून जीव भांड्यात पडला. आता ती पुन्हा गाभण राहील का, की विकून टाकावी, असं तू विचारलं आहेस. निदान दोन महिने तरी विकू नकोस. उपचारासाठी माझ्याकडे आलेल्या एका गायीची हकीकत सांगतो, म्हणजे मी असं का म्हणतोय ते कळेल.

तिसऱ्या वेताची, भरपूर दूध देणारी गाय. वासरू मोठं होतं, पण वीण नीट झाली. दोन तासांनी मालकाचा फोन आला की पूर्ण अंग बाहेर आलंय आणि गाय उठत नाही. फोनवरच त्याला तीन गोष्टी सांगितल्या. गाय हलवू नकोस आणि उठवू नकोस. बाहेर आलेल्या गर्भाशयाखाली स्वच्छ ओली चादर घाल आणि वरूनही ओल्या कापडानं झाक. जार लोंबत असेल तर ओढू नकोस. गाय न हलवण्यावर मी सगळ्यात जास्त भर दिला. उलटून बाहेर पडलेलं गर्भाशय फार जड असतं. गाय उठून चालली की ते लोंबतं आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांवर ताण येतो. त्यातली एखादी तुटली तर पोटात रक्तस्राव होऊन गाय काही मिनिटांत जाते. गाय उभीच असेल तर दोघांनी चादरीची झोळी करून गर्भाशय निरणाच्या उंचीला धरून ठेवायचं.

मी पोहोचलो तेव्हा ती मान पोटाकडे वळवून बसलेली होती. कान थंड, नाकपुडी कोरडी, हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे दहाच्या आसपास आणि फार क्षीण. हिरड्या फिकट होत्या, पण कागदासारख्या पांढऱ्या नव्हत्या. हा फरक मी नेहमी आधी पाहतो. हिरड्या पांढऱ्याफटक, अंग गार आणि गाय धापा टाकत असेल, तर आत रक्त वाहत असण्याची भीती असते. अशा वेळी मालकाला गाय वाचण्याची आशा कमी आहे हे स्पष्ट सांगावं लागतं, कारण सलाईननं तुटलेली धमनी बंद होत नाही. या गायीची लक्षणं मात्र कॅल्शियम उतरल्याची आणि शॉकची होती. व्याल्यानंतर कॅल्शियम कमी पडलं की गर्भाशयाचे स्नायू ढिले राहतात. त्यात गाय जोर करत राहिली की गर्भाशयाचं टोक आत दुमडतं आणि मोजा उलटा व्हावा तसं सगळं बाहेर येतं.

गर्भाशय बाहेर असताना कॅल्शियम दिलं तर ते आकसून घट्ट होतं आणि आत ढकलायला अवघड जातं, म्हणून काही जण ते नंतर देतात. पण गाय उठत नसेल, कान थंड असतील, तर आधी जीव. म्हणून मी कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली शिरेतून, छातीला स्टेथोस्कोप लावून, अगदी हळू दिली. ठोक्यांची लय चुकली तर लगेच थांबायचं असतं. बाटली संपता संपता तिनं ढेकर दिला आणि शेण टाकलं, तेव्हा मला धीर आला. शॉकसाठी ७.२ टक्क्यांचं तीव्र मिठाचं सलाईन दोन लिटर शिरेतून दिलं. हे सलाईन शरीरातलंच पाणी रक्तात ओढून आणतं आणि थोड्या वेळासाठी रक्तदाब सावरतं. ओढलेलं पाणी भरून काढायला त्यानंतर वीसेक लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. ती आपणहून प्यायली. नसती प्यायली तर नळीनं पाजावं लागलं असतं.

शेपटीच्या मुळाशी, मणक्यांच्या फटीत पाच मिली लिग्नोकेनची भूल दिल्यावर तिचा जोर थांबला. मग तिला छातीवर बसवून मागचे दोन्ही पाय मागे ताणून ठेवले. त्यामुळे कंबर पुढे कलते आणि काम निम्म्यानं सोपं होतं. जार सहज सुटत होती तेवढी काढली, चिकटलेली तशीच ठेवली. कोमट मिठाच्या पाण्यानं माती आणि पेंढा धुऊन काढला. सूज फार होती म्हणून वर साखर पसरली. साखर सुजेतलं पाणी बाहेर खेचते आणि गर्भाशय लहान होतं. नंतर ती धुऊन भरपूर वंगण लावलं.

ढकलायला निरणाजवळच्या भागापासून सुरुवात करायची आणि तळहात किंवा बंद मूठ वापरायची. ताठ बोटांनी सुजलेली भिंत फाटते. थोडं आत गेलं की तिथंच दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं पुढचा भाग घ्यायचा. बराच वेळ काहीच होत नाहीसं वाटतं आणि मग एकदम सगळं आत सरकतं.

खरी चूक इथंच होते. सगळं आत गेलं म्हणून लोक हात धुतात, पण गर्भाशयाच्या शिंगाचं टोक आत दुमडलेलंच असतं. तेच गायीला टोचत राहतं, ती पुन्हा जोर करते आणि काही तासांत सगळं परत बाहेर येतं. माझा हात त्या टोकापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून आठ-दहा लिटर कोमट मिठाचं पाणी आत सोडलं. पाण्याच्या वजनानं शिंग सरळ झालं आणि मग ते पाणी नळीनं काढून घेतलं. ऑक्सिटोसिन त्यानंतरच दिलं, म्हणजे गर्भाशय आतल्या आत आकसलं. निरणाला टाके घातले नाहीत. शिंग पूर्ण सरळ झालं असेल तर माझ्या मते त्यांची गरज नसते, आणि झालं नसेल तर टाके घालूनही गर्भाशय आतल्या आत पुन्हा उलटू शकतं. प्रतिजैविक आणि सूज-वेदनेचं औषध तीन-चार दिवस चालू ठेवलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. अशा गायींपैकी चारांतल्या तीनेक वाचतात आणि धोक्याचा काळ मुख्यतः पहिल्या दिवसाचा असतो. तुझ्या गायीचा तो काळ सरलाय. वाचलेल्या बहुतेक गायी पुन्हा गाभण राहतात, थोडा उशीर लागतो इतकंच. बाहेर येऊन खरचटलेलं अस्तर भरून येतं. गाभण राहण्यात आडवा येतो तो आतला संसर्ग. म्हणून पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघ. ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा पातळ, तपकिरी, दुर्गंधीचा स्राव दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव. व्याल्यापासून चाळीसेक दिवसांनी तपासणी करून घे. गर्भाशय नेहमीच्या आकाराला आलं असेल, आत पू नसेल आणि ते आजूबाजूला चिकटलेलं नसेल, तर पहिला माज सोडून पुढच्या माजाला रेतन कर. माझ्या त्या गायीला दुसऱ्या रेतनात गर्भ राहिला आणि पुढची वीण सुखरूप झाली. त्या वेळी विताच कॅल्शियम पाजलं होतं आणि तिला लगेच उभं केलं होतं. तूही तसंच कर.

ज्यानं तुला 'ही दर वेताला अंग काढणार' असं सांगितलं, त्यानं दोन वेगळे आजार एकत्र केलेत. गाभणपणात, विण्याआधी बसल्यावर योनीचा लाल गोळा बाहेर येतो, तो आजार पुढच्या वेतांना परत होतो आणि लेकींमध्येही उतरू शकतो. अशी गाय पुढे रेतनासाठी न ठेवलेली बरी. व्याल्यावर गर्भाशय उलटण्याचं तसं नाही, ते एकाच गायीत पुन्हा होणं कमीच दिसतं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना दोन्ही शिंगं सारखी लागतात का, एवढं आवर्जून विचार आणि काय म्हणाले ते मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जिवलग मित्र