थांबू न देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

भुसावळहून पुण्याला आले, तरी आभार मानायचे राहूनच गेले होते. मागच्या रविवारी उपासनेत अचानक एक कधीही न पाहिलेलं गीत पुढ्यात आलं. नेहमीचे वादक आजारी होते, म्हणून पान बघून तिथल्या तिथे मलाच वाजवावं लागलं. ते गीत निभावलं ते तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र.

नवीन पान दिसलं की हात लगेच पट्ट्यांवर जातात. तुम्ही ते मागे घ्यायला लावायचे. ट्रिनिटीच्या संगीत परीक्षेत पान बघायला अर्धा मिनिट मिळतो, तो कसा खर्चायचा हे तुम्ही शिकवलंत. आधी शार्प-फ्लॅट, मग ठोके, आणि मग सगळ्यात अवघड बार शोधायचा. या गीतात एकच शार्प होता, म्हणजे जी मेजर, चार ठोके. सुरुवात अगदी सोपी, त्यामुळे भरभर सुरू करायचा मोह होतो. पण सहाव्या बारमध्ये दोन्ही हातांना अर्ध्या ठोक्याचे स्वर होते आणि सातव्यात डाव्या हाताला सी शार्प. सहावा बार ज्या गतीत जमेल तीच पूर्ण गीताची गती. त्याच गतीत एक बार मनात मोजला आणि सुरू केलं.

नजर पुढे ठेवायची सवय मात्र तुमच्या पोस्टकार्डाने लावली. बारचा पहिला ठोका वाजला की तुम्ही तोच बार कार्डाने झाकायचे, मग पुढे बघण्यावाचून गत्यंतरच नसे! मे महिन्यात पंखा फुल्ल, पानं उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे, आणि त्यातून सरकणारं ते कार्ड. (चिमट्याखाली एखादा बार हमखास दडायचा, ते वेगळं.) अगदी नवख्याला हा उपाय लावायचा नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. स्वर ओळखण्यातच ज्याचा जीव जातो, तो कार्ड बघून फक्त घाबरतो.

सहाव्या बारमध्ये चारही आवाज हातात मावेनात. मग आधी टेनर सोडला, लगेच आल्टोही. वरची चाल आणि खालचा बेस तेवढा धरला. मंडळी गात राहिली, कारण त्यांना हवा असतो ठोका. चुकलेला स्वर दुरुस्त करायला मागे गेलं की शंभर माणसं अधांतरी राहतात, आणि एका चुकीच्या दोन होतात. सातव्यातला सी शार्प आधीच दिसला होता, त्यामुळे बोट तिथे वेळेत पोचलं आणि पुढच्या डीवर चारही आवाज पुन्हा जुळले.

आता रोज एक नवं, माझ्या तयारीपेक्षा सोपं पान वाचते, तेही एकदाच. दुसऱ्यांदा वाजवलं की तो रियाज होतो, वाचन राहत नाही, हे तुमचंच म्हणणं. फोनवर रेकॉर्ड करून टाळी देत ऐकते. टाळी जिथे अडखळते, तिथे नजर मागे राहिलेली असते.

नाताळला घरी येतेय. न पाहिलेली चार पानं काढून ठेवा, चिमटे मी आणते.

तुमची विद्यार्थिनी