दम्याच्या लेखात बुरशीचं नावच नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला दम्याचा लेख वाचला. धूळ, थंडी, पंप, प्राणायाम सगळं आलं. ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीचं, म्हणजे एबीपीएचं, नावसुद्धा नाही. फार वाईट वाटलं.

माझ्या धाकट्या जावेला लहानपणापासून दमा. तीन वर्षांपूर्वी पंप नियमित घेऊनही धाप थांबेना. एक्स-रेत उजवीकडे वर डाग दिसला. बेडक्यात टीबीचे जंतू दोनदा सापडले नाहीत, तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या तेव्हा उजवीकडचा डाग गेला होता आणि डावीकडे नवा आला होता. जागा बदलणारा डाग पाहून तरी कुणाला शंका यायला हवी होती! शिवाय खोकताना तिच्या रुमालात काकवीच्या रंगाचे, रबरासारखे चिवट तुकडे पडायचे. आम्ही रुमाल धुऊन वाळत घालायचो. बेडक्याचा रंग कसा, हे पहिल्यांदा विचारलं ते बेळगावच्या छातीच्या डॉक्टरांनी.

रक्तात ॲस्परजिलसविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिद्रव्य, सापडलं. एकूण आयजीई ४,८०० निघालं. ५०० च्या पुढे गेलं की या आजाराचा संशय धरतात. छातीच्या एचआरसीटी स्कॅनमध्ये मधल्या श्वासनळ्या रुंदावलेल्या होत्या आणि त्यांत अडकलेला कफ शेजारच्या स्नायूंपेक्षा पांढरा दिसत होता. असा कफ जवळजवळ याच आजारात दिसतो म्हणे. बुरशीवर शरीरच चवताळतं आणि त्या सुजेनं नळ्या कायमच्या रुंदावतात. ते नुकसान आता भरून येणार नाही.

वजन ५० किलो, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज २५ मिलिग्रॅमनं सुरू झालं आणि कमी करत चार महिने चाललं. दोन महिन्यांनी आयजीई २,६०० आलं. "अजून एवढं?" म्हणून सासूबाई घाबरल्या. डॉक्टरांनी समजावलं, की आकडा नॉर्मल होईपर्यंत स्टेरॉइड ओढायचं नसतं. दोन महिन्यांत पाचव्या हिश्शाहून जास्त उतरला आणि फोटो सुधारला, म्हणजे औषध लागू पडलं. पुढे आकडा स्थिरावेल तो तिचा नेहमीचा. त्याच्या दीडपट झाला आणि त्रासही वाढला, तर आजार उलटला समजायचं.

पुढच्या पावसाळ्यात तो उलटलाच. या वेळी बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल मिळाल्या, आणि इथे माझी दुसरी तक्रार आहे. घ्यायची रीत फक्त कानडीत लिहून दिली होती. जाऊ मराठी शाळेत शिकलेली. तिनं महिनाभर कॅप्सूल उपाशीपोटी घेतल्या, सोबत पित्ताची गोळी. त्या घ्यायच्या असतात जेवणानंतर, आणि पित्ताच्या गोळीनं त्या अंगी लागत नाहीत. आयजीई हललं नाही तेव्हा चूक कळली. खानापूरसारख्या तालुक्यात मराठीत दोन ओळी लिहून द्यायला काय अडतं?

पुढच्या पुरवणीत निदान तपकिरी बेडका आणि जागा बदलणारा डाग यांची एक चौकट छापा.

आपली नियमित वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव